मिठाच्या गोण्या

आंबागडाचा डोंगर तुमसरहून तासाभराच्या आत येतो. गाव सुटलं की भाताची बांधी, मग मँगनीजच्या ट्रकांनी लाल-काळा केलेला रस्ता, मग सातपुड्याच्या पायथ्याचं सागवान. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या अमदानीत, १७०० च्या आसपास, राजाखान पठाण नावाच्या त्याच्या सुभेदाराने हा किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना इथल्या विहिरीचं कुजकं पाणी पाजून मारत, असं गावात आजही सांगतात. किल्ल्यावर गेलं की सगळे ती विहीरच बघतात.

माझ्याबरोबर आमच्या राईस मिलमधले जुने हमाल होते. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. उभा जन्म पोती वाहिलेल्या या माणसाने विहिरीत जेमतेम डोकावलं आणि विचारलं, "दाणे कुठं ठेवत होते गा?" मी बुरूज दाखवले, दरवाजा दाखवला. काका म्हणाले, "ते राहू दे. तटाच्या आत पाच-पन्नास माणूस कोंडला तं दोन वक्ताचं शिजलं कुठं असंल?" मला सांगता आलं नाही. किल्ल्यांवरच्या आपल्या पुस्तकांत तोफांची लांबी असते, दरवाज्यांचे खिळे मोजलेले असतात, चुलीबद्दल मात्र ओळ सापडत नाही. उतरताना मी त्यांना देवगिरीची गोष्ट सांगितली, कारण माझ्या माहितीत स्वयंपाकघरात हरलेला किल्ला तोच. गोष्ट ऐकून काका थांबले आणि म्हणाले, "असं होऊच शकत नाही." म्हणून आम्ही देवगिरीला गेलो.

तुमसर रोडहून नागपूर, नागपूरहून रात्रीची बस, आणि सकाळी छत्रपती संभाजीनगर. तिथून वेरूळच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटरवर तो डोंगर असा उभा राहतो, की पहिल्यांदा बघणाऱ्याला तो माणसाने केलाय की देवाने, हे कळू नये. खालचा कडा तासून भिंतीसारखा सरळ केलेला आहे. काका बसच्या खिडकीतूनच म्हणाले, "यावर पोतं चढवायचं म्हंजे पाठ मोडली."

आता ती गोष्ट. १२९६ साल. यादवांचा राजा रामचंद्र, ज्याला आपण रामदेवराव म्हणतो, देवगिरीवर राज्य करत होता. सहाच वर्षांपूर्वी नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली होती आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी याच राजाचं नाव घेतलं होतं. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन खलजी हा प्रयागजवळच्या कड्याचा सुभेदार. तो चुलत्याला न सांगता फेब्रुवारीच्या शेवटी निघाला, चंदेरी-भेलशावरून आपल्या वऱ्हाडातल्या अचलपूरला आला आणि तिथून घाट ओलांडून थेट देवगिरीपुढे उभा राहिला. इतिहासकार फिरिश्ता त्याच्याजवळ आठ हजार घोडेस्वार असल्याचं सांगतो. राजाचा मुलगा शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर होता. रामदेवराव जेवढी माणसं हाताशी होती तेवढी घेऊन लढला, हरला, आणि किल्ल्यात शिरून दरवाजे लावून घेतले.

कोठारात पुरेसा साठा नव्हता. पण नशीब म्हणावं असं काही तरी पायथ्याशी पडलं होतं. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचा तांडा शत्रू आलेला बघून गोण्या टाकून पळाला होता. किल्ल्यावरच्या लोकांनी त्या घाईघाईने आत ओढल्या. धान्य आलं म्हणून सगळे निश्चिंत झाले. काही दिवसांनी गोण्या उसवल्या, तर आत मीठ.

फिरिश्ताने हे विजापुरात बसून सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तरीही गोष्ट आपण विसरत नाही, कारण ती खोटी वाटण्याइतकी साधी आहे. काकांचा आक्षेप मात्र वेगळाच होता. इतिहास त्यांना मान्य होता, हमाल मान्य नव्हते. "मीठ पाठीवर घेतलं की कळतं, बाबू," ते म्हणाले. "उसवायला कायले पायजे?"

किल्ल्याच्या महाकोटात शिरल्यावर डावीकडे हत्ती हौद लागतो. त्याच्या काठावर बसून काकांनी मला जे सांगितलं, ते कोणत्याही ग्रंथात नाही. एकाच मापाच्या पोत्यात धान भरलं आणि मीठ भरलं, तर मीठ जवळपास दुपटीने जड. तांदळापेक्षाही बरंच जड. धानाचं पोतं पाठीवर घेतलं की दाणे सरकतात, पोतं पाठीला चिकटून बसतं. जाड्या मिठाचं पोतं दगडासारखं टोचतं. धानाच्या पोत्यावर थाप मारली तर कोरडा आवाज येतो आणि कोंडा उडतो, मिठाच्या पोत्यावर मारली तर हाताला खडे लागतात. गोदामात ठेवल्यावर तर ओळखायला डोळेही लागत नाहीत. धानाला सोंडा लागतो, उंदीर लागतो, चिमण्या येतात. मिठाच्या थप्पीकडे उंदीर ढुंकून बघत नाही.

उंदीर म्हटल्यावर मला इब्न बतूता आठवला. तो या घटनेनंतर साधारण अर्धशतकाने इथे येऊन गेला. या किल्ल्याच्या अंधारकोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे आहेत, मांजरंच त्यांना भितात, आणि एका कैद्याला ते कुरतडून खाऊन गेले असं तो लिहितो. काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "तेवढाले उंदीर असतील तं एका रातीत समजलं असतं. सकाळी खाली एक दाणा सांडला नसंल, पोत्याला एक भोक नसंल. त्या कोठारावाल्यानं पाह्यलंच नाही."

मग चूक झाली कशी? आम्ही चढत होतो आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. अलाउद्दीन फेब्रुवारी संपताना निघाला आणि जूनच्या सुरुवातीला परत कड्याला पोचला. मधले लांबचे दोन प्रवास वजा केले तर देवगिरीचा वेढा चैत्राच्या आसपासचा. म्हणजे मराठवाड्यातली सगळ्यात कोरडी हवा. मिठाचं पोतं स्वतःहून बोलतं ते पावसाळ्यात. समुद्राच्या मिठात असणारे क्षार हवेतलं पाणी ओढतात, पोत्याच्या बुडाला ओल येते, जमिनीवर डाग पडतो आणि वाळला की पांढरी बुरशी आल्यासारखा दिसतो. वेढा श्रावणात असता तर चार दिवसांत फरशीनेच सांगितलं असतं. चैत्रात मीठ धान्याइतकंच कोरडं आणि गप्प असतं.

दुसरी गोष्ट वजनाची. गोणी बैलावर लादतात ती मापाने नव्हे, बैल किती वाहील त्यावर. बैलाच्या दोन बाजूंना दोन, मिळून सव्वा क्विंटलच्या आसपास. मीठ जड म्हणून व्यापारी गोणी लहान शिवतो किंवा अर्धी भरतो. त्यामुळे उचलायला दोन्ही सारख्याच लागतात. फरक दिसतो तो आकारात, आणि शत्रूचे घोडे गावात शिरले असताना आकार कोण बघतो? हे ऐकल्यावर काका थोडे नरमले. "हमालाच्या हाती दिल्या असत्या तं कळलं असतं," एवढं मात्र ते पुन्हा म्हणाले. "शिपायानं उचलल्या असतील."

मला तिसरंही कारण दिसतं, आणि तेच खरं वाटतं. कोठार रिकामं का होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. फाल्गुन-चैत्र म्हणजे शाळू आणि गहू कापून खळ्यावर आलेले दिवस. जुना साठा तळाला गेलेला, नवं पीक किल्ल्याखालच्या गावांत, मळणी चालू असलेल्या खळ्यांवर किंवा नुकतंच पेवात उतरवलेलं. किल्ल्याला वर्षभरात सर्वात कमी दाणे ज्या दोन महिन्यांत असतात, त्याच दोन महिन्यांत तो अडकला. ते सगळं धान्य अलाउद्दीनच्या घोड्यांना मिळालं असणार. किल्ल्यातल्या माणसाला वरून दिसत असेल, की आपली भाकरी खाली उभी आहे. अशा वेळी कुणी एखाद्या गोणीला धान्य म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ते पटवून घ्यावंच लागतं.

खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी सुरू होते. डोंगर पोखरून केलेला, वळणं घेत चढणारा बोगदा. गाइड मशाल पेटवतो आणि शत्रू आला तर कुठून तेल ओतायचं, कुठे तो पाय घसरून पडायचा, हे ठरलेल्या लयीत सांगतो. वरच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, तिच्यावर विस्तव पेटवून आतल्या माणसाला धुरात गुदमरवायचं. अख्ख्या किल्ल्यावर मला दाखवण्यात आलेली ही एकच शेगडी! ती शत्रूसाठी. आज दिसतं त्यातलं बरंचसं बांधकाम पुढच्या राजवटींचं आहे. चांदमिनार बहमनींचा, बाहेरची अंबरकोटाची भिंत मलिक अंबरची. रामदेवरावाच्या वेळची चूल कुठे होती हे आज बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण तिच्यापुढचा पेच काय होता, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही सांगता येईल.

कोंडलेल्या जागेत दाण्याच्या आधी सरपण संपतं. मग जात्याचा प्रश्न येतो. ज्वारी दळायला बाया लागतात, वेळ लागतो, आणि दळलेलं पीठ भाकरीत गेलं की माणसं पोटभर मागतात. म्हणून पहिल्यांदा भाकरी बंद होते आणि आंबील सुरू होते. आंबिलीत पीठ निम्मं लागतं आणि पोट तेवढंच भरल्यासारखं वाटतं. मग घुगऱ्या, कारण त्यांना दळण लागत नाही. मग घुगऱ्यांचं पाणी. दूध तर पहिल्याच आठवड्यात आटतं, कारण जनावरांना वैरण नसते, आणि वैरण नाही म्हणून जनावर कापायची वेळ येते. फिरिश्ताच्या हकिकतीत राजाचे तीस-चाळीस हत्ती आणि हजारभर घोडे खालच्या शहरातच अलाउद्दीनच्या हाती लागले. किल्ल्यातल्या चुलीच्या हिशेबाने तेवढी खाणारी तोंडं कमी झाली, हे क्रूर वाटेल, पण कोठारावरचा माणूस असाच विचार करतो.

मी हिशेब मांडून पाहिला, तो असा. किल्ल्यात पाच हजार माणसं होती असं हिशेबापुरतं धरू. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य, म्हणजे पोट जेमतेम चालतं. रोज पंचवीस क्विंटल. फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे अलाउद्दीन आल्यापासून पंचविसाव्या दिवशी परत फिरला. पंचवीस दिवसांचे सव्वासहाशे क्विंटल होतात. काकांनी हा आकडा ऐकला आणि ते मिनिटभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार ट्रक." आमच्या मिलच्या दारात दिवाळीनंतर तेवढे ट्रक सकाळच्या चहाआधी रिकामे होतात. आता मिठाचा हिशेब. माणशी दहा ग्रॅम मीठ खूप झालं. पाच हजारांना दिवसाला पन्नास किलो, एक पोतं. हजार पोती असतील तर हजार दिवसांचं मीठ. किल्ल्यात जवळपास तीन वर्षं पुरेल इतकं मीठ होतं आणि संध्याकाळी आंबिलीत घालायला पीठ नव्हतं.

हे उघडकीला आलं त्याची वेळ महत्त्वाची आहे. रामदेवरावाने आधीच तह केला होता. सोनं, मोती देऊन अलाउद्दीन निघायच्या बेतात होता. तेवढ्यात शंकरदेव फौज घेऊन आला. बापाने निरोप धाडला, लढू नकोस. मुलाने ऐकलं नाही. लढाई यादवांच्या बाजूने झुकत होती, पण किल्ल्यावर नजर ठेवायला ठेवलेला नुसरतखान आपली हजार माणसं घेऊन मैदानात धावला. त्यांच्या टापांची धूळ बघून यादवांना वाटलं, दिल्लीची मोठी फौज आली. ती येतेय अशी आवई अलाउद्दीनने आधीच उठवून ठेवली होती. यादवांची पळापळ झाली. तरीही सगळं संपलं नव्हतं. रामदेवराव शेजारच्या राजांकडे मदत मागायच्या विचारात होता. किल्ला भक्कम, शत्रू घरापासून शेकडो कोस लांब, सुलतानाला न विचारता आलेला. महिनाभर तग धरला तर अलाउद्दीनलाच जावं लागलं असतं. आणि तेव्हा गोण्या उसवल्या गेल्या.

ती सुई किंवा तो विळा कुणाच्या हातात होता, कुणीच लिहून ठेवलेलं नाही. राजाला ही बातमी कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगितली असेल? मुदपाकातल्या एखाद्या माणसाने आधी चिमूटभर जिभेवर ठेवून खात्री केली असेल, असं मला वाटतं. डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. किल्ल्यातली टंचाई शत्रूला कळू द्यायची नाही, म्हणून राजाने मुलाच्या आगळिकीबद्दल माफी मागत बोलणी सुरू केली. पण अलाउद्दीनला अंदाज आला आणि त्याने किंमत वाढवत नेली. फिरिश्ताने दिलेली यादी मणांत आहे: सहाशे मण सोनं, सात मण मोती, हजार मण चांदी. वर अचलपूरचा वसूल दरसाल पाठवायचा. हाच पैसा घेऊन तो कड्याला परतला, जुलैमध्ये चुलत्याला मारलं आणि दिल्लीच्या तख्तावर बसला. म्हणजे चार ट्रक ज्वारीच्या अभावी दिल्लीचा सुलतान बदलला, असं मी काकांना म्हटलं. त्यांना सुलतानाचं काही पडलं नव्हतं.

"आमच्या मार्केटात परखी मारल्याशिवाय पोतं उतरतच नाही," ते म्हणाले. परखी म्हणजे ती टोकदार पोकळ लोखंडी नळी. पोत्यात खुपसायची, बाहेर ओढायची, खाचेत मूठभर दाणे येतात. त्यावरून अडत्या भाव सांगतो. पोत्याला जे भोक पडतं ते बोटाने चोळलं की बुजतं. बाजार समितीच्या ओट्यावर हे काम इतक्या पटापट होतं, की शंभर पोती बघायला पाव तासही लागत नाही. "सरदाराला घाई असते. कोठीवाल्याला घाई नसावी," इतकंच म्हणून काका पुढे चढू लागले.

वर बारदरीत वारा होता. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी पुढे या किल्ल्याचे किल्लेदार होते, त्यांच्या पादुकांपाशी लोक नमस्कार करत होते. खाली मलिक अंबरच्या तटाची रेघ दिसत होती. तिच्यावरून मला याच किल्ल्याचा दुसरा वेढा आठवला, तोही दाण्यांचाच. १६३३ मध्ये शहाजहानचा सरदार महाबतखान याने हा किल्ला वेढला. आत मलिक अंबरचा मुलगा फतेहखान. दख्खनच्या भयंकर दुष्काळाला अजून वर्ष उलटलं नव्हतं. विजापूरचे सरदार बाहेरून धान्य आत घुसवायचा प्रयत्न करत होते आणि मुघल ते मधेच पकडत होते. आतले लोक शेवटी मेलेल्या जनावरांची कातडी खात होते, अशी नोंद 'बादशाहनाम्या'त आहे. एकेक तट सुरुंगांनी उडाला आणि जूनमध्ये फतेहखानाने किल्ल्या दिल्या. बदल्यात त्याला साडेदहा लाख रुपये मिळाले.

काकांनी लगेच विचारलं, "मंग जिंकणारे काय जेवले?"

प्रश्न अगदी नेमका होता. वेढा घालणाऱ्यांचीही उपासमार होत होती, त्यांची रसद लांब बुऱ्हाणपूरहून यायची. किल्ला घेऊन महाबतखान मागे फिरला आणि थोड्या फौजेनिशी खान-ए-दौराण आत राहिला. लगेच विजापूरकरांनी उलटा वेढा घातला. आता मुघल आत आणि बाकी सगळे बाहेर. या वेळी किल्ला पडला नाही. खान-ए-दौराणने आसपासच्या रयतेला नीट वागवलं होतं, म्हणून कुणब्यांनी त्याला धान्य पुरवलं आणि कोठाराला तोटा पडला नाही. विजापूरकर वेढा उठवून निघून गेले.

"पैसे देऊन घेतलं असंल?" काकांनी विचारलं.

"घेतलं असेल."

"रोकडा दिला असंल तं कुणबी आणतेच. वेढा असो का काही असो," ते म्हणाले, आणि उतरायच्या पायऱ्या किती आहेत ते गाइडला विचारू लागले.